फार्दर की फर्दर, एल्डर की ओल्डर: बेळगाव-खानापूरच्या उदाहरणांतून

इंग्रजीत ‘जास्त लांब’ म्हणायला फार्दर आणि फर्दर असे दोन शब्द आहेत. ‘वयाने मोठा’ म्हणायला एल्डर आणि ओल्डर असे दोन. शाळेत या जोड्या एका तक्त्यात पाठ करून घेतात आणि मुलं त्या तशाच पाठ करतात. पेपरमध्ये रिकामी जागा आली की मात्र अंदाजाने एक शब्द टाकतात, कारण तक्त्यात शब्द असतात, ते कुठे बसतात हे नसतं.

माझ्या मते या दोन्ही जोड्या समजून घ्यायची एकच किल्ली आहे. प्रत्येक जोडीत एक शब्द ऐसपैस आहे, दुसरा अरुंद. फर्दर आणि ओल्डर हे ऐसपैस, ते जवळजवळ सगळीकडे चालतात. फार्दर आणि एल्डर हे अरुंद, ते ठरावीक जागीच बसतात आणि चुका होतात त्या यांनाच भलत्या जागी बसवल्यामुळे. म्हणून चारही शब्दांचे नियम घोकत बसू नका. दोन अरुंद शब्दांच्या हद्दी नीट पाहून घ्या.

पहिली पायरी: अंतर मोजता येतं का ते बघा

बेळगावहून लोंढ्याकडे जाणारी रेल्वे डोळ्यांसमोर आणा. आधी खानापूर लागतं, मग गुंजी, मग लोंढा. बेळगावपासून खानापूरपेक्षा लोंढा लांब, हे इंग्रजीत असं होईल:

लोंढा इज फार्दर फ्रॉम बेळगाव दॅन खानापूर.

इथे खरंखुरं अंतर आहे. रूळ आहेत, किलोमीटर आहेत, कुणीही मोजून दाखवू शकेल. फार्दर या शब्दाची हद्द एवढीच. जमिनीवर, रस्त्यावर, आभाळात, जिथे कुठे दोन ठिकाणांमधलं अंतर आहे तिथे फार्दर. ‘द बस स्टँड इज फार्दर दॅन आय थॉट’, म्हणजे बसस्टँड मला वाटलं होतं त्यापेक्षा लांब निघालं. ‘ही थ्रू द बॉल फार्दर दॅन एनीवन एल्स’, म्हणजे त्याने चेंडू सगळ्यांपेक्षा लांब फेकला. ‘वी वॉक्ड फार्दर अप द हिल टू राजहंसगड’, म्हणजे राजहंसगडाकडे आम्ही डोंगर आणखी वर चढत गेलो. प्रत्येक ठिकाणी पावलं मोजता येतात.

स्पेलिंग लक्षात ठेवायची सोय शब्दातच आहे. फार्दरची सुरुवात एफ-ए-आर अशी होते आणि तीन अक्षरांचा फार म्हणजे दूर. अंतर असेल तर आत ‘ए’. फर्दरमध्ये त्या जागी ‘यू’ आहे.

आता याच वाक्यांत फर्दर टाकला तर चूक होईल का? होणार नाही. ब्रिटनमध्ये ‘लोंढा इज फर्दर फ्रॉम बेळगाव’ असंच बहुतेक लोक म्हणतील. अंतरासाठी फार्दर आणि बाकी सगळ्यासाठी फर्दर अशी काटेकोर वाटणी अमेरिकेत जास्त पाळतात. आपल्याकडे इंग्रजी आलं ब्रिटिशांकडून, तरी परीक्षेसाठी शिकवतात ती वाटणी काटेकोरच. त्यामुळे मी मुलांना सरळ सांगतो: पेपरमध्ये अंतर दिसलं तर फार्दर लिहा, तिथे दोन्ही पद्धती सुखाने मान्य करतात. बोलताना फर्दर तोंडात आला तर अडखळू नका.

यामागचं कारण कळलं तर नियम पक्का बसतो. या दोघांत फर्दर जुना. फार्दर नंतर त्याच्याच उच्चारातून निघालेलं रूप. ‘फार’ या शब्दाचं स्वतःचं ‘फारर’ असं तरतम रूप पूर्वी होतं, ते मागे पडलं. मग लोकांना फार्दरमध्ये ‘फार’ ऐकू येऊ लागला आणि तो शब्द अंतराला चिकटला. अंतराचं काम फर्दरने मात्र कधीच सोडलं नाही, म्हणून तो आजही दोन्हीकडे चालतो.

दुसरी पायरी: ‘पुढील’, ‘अधिक’, ‘आणखी’ यांपैकी काही बसतं का ते बघा

खऱ्या चुका होतात त्या इथे. मराठी वाक्यात ‘लांब’ किंवा ‘दूर’ न बसता ‘पुढील’, ‘अधिक’ किंवा ‘आणखी’ बसत असेल, तर इंग्रजीत फक्त फर्दर. फार्दरला इथे प्रवेश नाही, ना ब्रिटनमध्ये ना अमेरिकेत.

‘पुढील सूचना मिळेपर्यंत शाळा बंद’: द स्कूल विल रिमेन क्लोज्ड अनटिल फर्दर नोटिस. ‘अधिक माहितीसाठी कार्यालयात भेटा’: फॉर फर्दर इन्फर्मेशन, व्हिजिट द ऑफिस. ‘पोलिसांनी पुढील तपास सुरू केला’: द पोलीस बिगॅन फर्दर इन्व्हेस्टिगेशन. यात कुठेही किलोमीटर नाहीत. सूचना लांब नाही, माहिती दूर नाही. आधीच्यात भर पडते आहे, एवढंच.

मात्र ‘पुढील’ हा आपला शब्द थोडा फसवा आहे. त्याचे दोन अर्थ होतात आणि इंग्रजीत त्या दोन अर्थांना दोन वेगळे शब्द आहेत. आपल्या भागातलं सगळ्यांच्या परिचयाचं उदाहरण घेऊ. सीमाप्रश्नावर महाराष्ट्राने केलेला दावा २००४ सालापासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि त्या बातमीत ‘पुढील सुनावणी’ हे शब्द आपण कितीदा तरी वाचले आहेत. ‘पुढील सुनावणी अमुक तारखेला होणार’ असं असेल तर इंग्रजीत ‘द नेक्स्ट हिअरिंग’. इथे पुढील म्हणजे यानंतरची, ओळीत दुसरी असलेली. पण ‘या मुद्द्यावर पुढील सुनावणीची गरज आहे’, म्हणजे आतापर्यंत झाली ती पुरेशी नाही, अजून व्हायला हवी, असा अर्थ असेल तर ‘फर्दर हिअरिंग’. तारीख, वार, आठवडा, पान, स्टेशन यांच्यासोबतच्या ‘पुढील’ला बहुतेक वेळा नेक्स्ट लागतो. ‘पुढच्या आठवड्यात’ याचं ‘फर्दर वीक’ होत नाही. पारखायचं सोपं आहे: ‘पुढील’ काढून तिथे ‘आणखी’ ठेवा. वाक्याचा अर्थ टिकला तर फर्दर, बिघडला तर नेक्स्ट.

‘आणखी’ची दुसरी बाजूही सांगून ठेवतो. खाणावळीत ‘आणखी एक चपाती’ मागताना फर्दर चालत नाही, तिथे ‘वन मोअर’. नाम म्हणून फर्दरच्या पुढे शोभतात ते चर्चा, तपास, माहिती, विलंब, शिक्षण असे पुढे चालत जाणारे विषय, आणि कागदपत्रांची भाषा. जेवणाच्या ताटाला तो नको.

फर्दर आणखी दोन कामं करतो, जी फार्दरला येत नाहीत. एक म्हणजे क्रियापद: ‘शी वेंट टू पुणे टू फर्दर हर करिअर’, म्हणजे करिअर पुढे नेण्यासाठी ती पुण्याला गेली. दुसरं, पत्रातली सुरुवात: ‘फर्दर टू अवर टेलिफोन कॉन्व्हर्सेशन’, म्हणजे आपल्या फोनवरच्या बोलण्याला धरून. ऑफिसात पत्रं टाइप करणाऱ्यांनी हे दोन नमुने तोंडपाठ ठेवावेत.

मधली जागा राहते ती मनातल्या अंतराची. ‘दोघे भाऊ एकमेकांपासून दुरावत गेले’ यात दूर आहे, पण किलोमीटर नाहीत. ते भाऊ कदाचित खडेबाजारात एकाच वाड्यात राहत असतील. अशा वेळी फर्दर: ‘द ब्रदर्स ड्रिफ्टेड फर्दर अपार्ट’. ‘हे सत्यापासून फार दूर आहे’ यासाठीही ‘नथिंग कुड बी फर्दर फ्रॉम द ट्रुथ’. काळाचंही तसंच. ‘आणखी मागच्या काळात गेलो तर’ याला ‘फर्दर बॅक इन टाइम’. म्हणून ‘दूर’ दिसताच फार्दर लिहू नका. मोजपट्टी लावता येईल का, हे आधी स्वतःला विचारा.

तिसरी पायरी: माणूस आहे का, आणि घरातला आहे का?

दुसऱ्या जोडीकडे येताना आपल्याला एक मोठी सोय आहे. एल्डरसाठी मराठीत जवळजवळ तंतोतंत बसणारा शब्द आहे: थोरला. थोरला भाऊ, थोरली बहीण, थोरली सून. घरातल्या माणसांचा जन्माचा किंवा मानाचा क्रम सांगणारा हा शब्द आहे. ‘थोरली इमारत’, ‘थोरला आंबा’, ‘थोरली बस’ असं आपण म्हणत नाही आणि एल्डरही तसाच वागतो. ‘आमचं घर शाळेपेक्षा जुनं आहे’ याचं ‘अवर हाऊस इज ओल्डर दॅन द स्कूल’ होतं. वस्तू, इमारती, झाडं, गावं, चालीरीती यांना कायम ओल्डर.

भावंडांपुरतं इंग्रजी आपल्यापेक्षा गरीब आहे. कन्नडात अण्ण म्हणजे थोरला भाऊ आणि तम्म म्हणजे धाकटा. अक्क थोरली, तंगी धाकटी. मराठीत दादा आणि ताई आहेत, आणि बेळगावकडच्या मराठी घरांतही अण्णा आणि अक्का सर्रास ऐकू येतात. इंग्रजीत नुसतं ब्रदर म्हटलं तर तो मोठा की लहान हे कळतच नाही, ते सांगायला एल्डर किंवा यंगर जोडावं लागतं. अण्णा म्हणजे एल्डर ब्रदर, अक्का म्हणजे एल्डर सिस्टर.

काकांच्या बाबतीत फार गोंधळ दिसतो. थोरल्या काकांना आपण मोठे काका म्हणतो, कन्नडात दोड्डप्पा म्हणतात, आणि त्याचं ‘माय बिग अंकल’ करून मोकळे होतात. इंग्रज माणसाला त्यातून काका धिप्पाड आहेत एवढंच कळेल. नातं सांगायचं तर ‘माय फादर्स एल्डर ब्रदर’ म्हणा. लांबलचक वाटलं तरी अर्थ स्वच्छ पोहोचतो.

घराबाहेरच्या माणसांना मात्र ओल्डर. वर्गातला वयाने मोठा मुलगा ‘ॲन ओल्डर स्टुडंट’. शेजारचे वयाने मोठे गृहस्थ ‘ॲन ओल्डर मॅन’. इथे एक बारकावा आहे जो तक्त्यात सापडत नाही. ‘ॲन ओल्ड मॅन’ म्हणजे म्हातारा. ‘ॲन ओल्डर मॅन’ म्हणजे जरा वय झालेला, त्यापेक्षा सौम्य आणि बहुधा वयानेही कमी. तरतम रूप असूनही इथे वय कमीच दिसतं.

घराबाहेर एल्डर येतो तो मानाच्या जागी. गावातली जाणती माणसं ‘व्हिलेज एल्डर्स’, वडीलधाऱ्यांचा मान राखा म्हणजे ‘रिस्पेक्ट युवर एल्डर्स’. एकाच नावाच्या दोघांत वेगळेपण दाखवायलाही तो वापरतात. आपण थोरले बाजीराव, थोरले माधवराव म्हणतो, तसे इंग्लंडच्या इतिहासात बाप-लेक दोघेही विल्यम पिट नावाचे पंतप्रधान होऊन गेले, आणि त्यांतल्या वडिलांना ‘पिट द एल्डर’ म्हणतात. थोरला इथेही चपखल बसतो.

चौथी पायरी: मागे ‘दॅन’ आहे का?

एल्डरची सगळ्यात कडक हद्द ही. तुलना करून ‘पेक्षा’ म्हणायचं असेल, म्हणजे इंग्रजीत दॅन येणार असेल, तर एल्डर चालत नाही, मग तो सख्खा भाऊ असला तरी.

माय एल्डर ब्रदर लिव्ह्ज इन निपाणी. हे बरोबर.

माय ब्रदर इज ओल्डर दॅन मी. हेही बरोबर.

माय ब्रदर इज एल्डर दॅन मी. हे चूक.

पुन्हा थोरल्याकडेच बघा. ‘माझा थोरला भाऊ’ सहज तोंडात येतं. ‘माझा भाऊ माझ्यापेक्षा थोरला आहे’ म्हणताना जीभ जरा अडते, तिथे आपण ‘माझ्यापेक्षा मोठा’ म्हणतो. एल्डरला नामाच्या आधी बसायला आवडतं, तुलनेच्या तराजूत बसायला नाही.

आपल्याकडे याहूनही जास्त ऐकू येतं ते ‘ही इज एल्डर टू मी’. आपल्या देशात हे इतकं रुळलं आहे की अनेक शिक्षकही तसं बोलतात. ते कुठून आलं हे उघड आहे. सीनियर, ज्युनियर, सुपीरियर या शब्दांनंतर दॅन न येता टू येतो, ‘ही इज सीनियर टू मी’ हे बरोबर आहे. त्याच सवयीने एल्डरलाही टू जोडला गेला. पण परीक्षेत त्याचा गुण जातो आणि परदेशी कागदपत्रांत ते खटकतं. वर्षं सांगायची असतील तर ती ओल्डरच्या आधी येतात: ‘ही इज टू इयर्स ओल्डर दॅन मी’. शेवटी ‘बाय टू इयर्स’ जोडून वाक्य लांबवायची गरज नाही.

एक जागा अशी आहे जिथे एल्डर क्रियापदानंतर येतो आणि तरी बरोबर असतो: ‘ही इज द एल्डर ऑफ द टू’, दोघांतला थोरला तो. इथे आधी ‘द’ आहे आणि ब्रदर हा शब्द मनात धरलेला आहे, म्हणून चालतं. मात्र दोघांतच. तिघे किंवा अधिक असतील तर एल्डेस्ट. ‘शी इज द एल्डेस्ट ऑफ थ्री सिस्टर्स’. तिघांना ‘एल्डर ऑफ थ्री’ म्हणणं ही पेपर तपासताना हमखास सापडणारी चूक आहे.

नामाआधी एल्डरच्या जागी ओल्डर टाकला तर? ‘माय ओल्डर ब्रदर’ पूर्ण बरोबर आहे, अमेरिकेत तर तेच जास्त म्हणतात. एल्डर किंचित औपचारिक वाटतो, इतकंच. म्हणून शंका आली तर ओल्डर लिहा. वडीलधारे या अर्थाचा ‘एल्डर्स’ आणि ‘पिट द एल्डर’सारखी नावं सोडली तर तो तुम्हाला तोंडघशी पाडणार नाही.

एक अर्ज दुरुस्त करून पाहू

शिष्यवृत्तीसाठी गुंजीतल्या मुलीने लिहिला असावा असा एक अर्ज इथे रचला आहे. त्यात या भागात नेहमी होणाऱ्या चुका मुद्दाम ठेवल्या आहेत. खाली वाचण्याआधी पेन्सिल घेऊन स्वतः खुणा करा.

आय लिव्ह इन गुंजी, विच इज फर्दर फ्रॉम बेळगाव दॅन खानापूर. आय ॲम द एल्डर ऑफ थ्री सिस्टर्स. माय ब्रदर इज एल्डर टू मी बाय टू इयर्स अँड वर्क्स इन हुबळी. वी लिव्ह विथ माय बिग अंकल इन हिज हाऊस, विच इज एल्डर दॅन द व्हिलेज स्कूल. आफ्टर बीकॉम आय वॉन्ट टू डू फार्दर स्टडीज इन बेळगाव. इफ यू नीड एनी फार्दर डॉक्युमेंट्स, प्लीज इन्फॉर्म मी.

पहिल्या वाक्यात गुंजी, बेळगाव आणि खानापूर ही तीन ठिकाणं आहेत, त्यांच्यातलं अंतर मोजता येतं. त्यामुळे फार्दर जास्त नेमका, पण तिने लिहिलेला फर्दर चूक नाही. इथे लाल खूण करणारा तपासनीस जरा जास्तच कडक म्हणावा लागेल. दुसऱ्या वाक्यात बहिणी तीन, म्हणून एल्डेस्ट. तिसऱ्यात तुलना आहे, म्हणून ‘माय ब्रदर इज टू इयर्स ओल्डर दॅन मी’. तुलना नको असेल तर ‘माय एल्डर ब्रदर वर्क्स इन हुबळी’ एवढंही पुरे, आणि अर्जात मला तेच आवडेल, कारण दोन वर्षांचा फरक शिष्यवृत्ती देणाऱ्याला कशाला हवा? चौथ्यात काकांचं नातं उलगडून ‘माय फादर्स एल्डर ब्रदर’ करायचं, आणि घर ही वस्तू आहे, मागे दॅनही आहे, तेव्हा ओल्डर.

पाचव्या वाक्यातलं शिक्षण पुढचं आहे, लांबचं नाही. ‘पुढील’च्या जागी ‘आणखी’ ठेवून पाहिलं तर अर्थ टिकतो, म्हणून फर्दर स्टडीज. ब्रिटनला पाठवायच्या अर्जात मात्र एक जपायला हवं. तिथे ‘फर्दर एज्युकेशन’ म्हणजे शाळेनंतरचं, पण विद्यापीठाच्या पदवीच्या खालचं शिक्षण, आणि पदवीच्या पातळीवरच्या शिक्षणाला ‘हायर एज्युकेशन’ म्हणतात. एमकॉम करायचं असेल तर तिथे हायर एज्युकेशन किंवा सरळ एमकॉम लिहावं. सहाव्या वाक्यातही अधिक कागदपत्रं हाच अर्थ, म्हणून फर्दर.

दुरुस्त अर्ज असा:

आय लिव्ह इन गुंजी, विच इज फार्दर फ्रॉम बेळगाव दॅन खानापूर. आय ॲम द एल्डेस्ट ऑफ थ्री सिस्टर्स. माय एल्डर ब्रदर वर्क्स इन हुबळी. वी लिव्ह विथ माय फादर्स एल्डर ब्रदर इन हिज हाऊस, विच इज ओल्डर दॅन द व्हिलेज स्कूल. आफ्टर बीकॉम आय वॉन्ट टू डू फर्दर स्टडीज इन बेळगाव. इफ यू नीड एनी फर्दर डॉक्युमेंट्स, प्लीज इन्फॉर्म मी.

मूळ अर्जात एल्डर तीन ठिकाणी होता आणि तिन्ही ठिकाणी चुकीचा. दुरुस्त अर्जात तो दोनच ठिकाणी आहे, दोन्हीकडे ब्रदर या शब्दाच्या लगेच आधी. हा अर्ज बाजूला ठेवून असाच सहा ओळींचा मजकूर स्वतःच्या घराबद्दल लिहा: गाव कुठे, भावंडं किती, थोरलं कोण, घर किती जुनं, पुढे काय शिकायचं. मग प्रत्येक फार्दरखाली मोजता येणारं अंतर आणि प्रत्येक एल्डरपुढे घरातलं माणूस सापडतं का ते तपासा. जिथे सापडणार नाही तिथे फर्दर किंवा ओल्डर लिहा.